पलूसची छत्री आणि साडेनव्व्याण्णव टक्के

राजरत्नने तो नट हाताने आवळला. पाना जिन्याच्या वरच्या पायरीवर पडला होता आणि जेवण शेजारच्या गच्चीवर वाढलेलं होतं. या दोन गोष्टींमध्ये माणूस कुठं वळेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पलूसमध्ये बँकेच्या शाखेच्या गच्चीवर एक मोठी पांढरी छत्री होती. पावसात धरायची नव्हे, आकाशाकडं तोंड करून बसलेली, उपग्रहाशी बोलणारी. तिच्यामुळं पलूसच्या खिडकीवर बसून मिरजेच्या खात्यातले पैसे काढता येत. १९९९ साली ही गोष्ट पलूसच्या लोकांना जादूटोण्याच्या जवळची वाटत होती. छत्री 'नभजोड' नावाच्या कंपनीची होती आणि राजरत्न हा त्या कंपनीचा सांगलीतला एकुलता एक इंजिनिअर. मूळचा मेढ्याचा. तीन महिन्यांतून एकदा यायचं, धूळ पुसायची, नट सैल करून ग्रीस लावायचं, पुन्हा आवळायचे, सिग्नल बघायचा, कागदावर सही घ्यायची.

त्या दिवशी छत्रीचा कल धरून ठेवणारा शेवटचा नट राहिला होता, तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळवत बसलेल्या चंद्राबाईंनी हाक मारली, "आवं इंजिनेरसाहेब, त्या ताटाला काय जेवाय वाढताय का काय? भाकरी खावा की दोन घास. भरलं वांगं केलंय."

मेढ्याच्या पोराला 'भरलं वांगं' म्हटल्यावर पुढचं ऐकू येत नाही. नट हाताने घट्ट वाटला. हाताने घट्ट वाटलेली गोष्ट आणि पान्याने घट्ट झालेली गोष्ट यांत फरक असतो, हे तो कराडच्या तंत्रनिकेतनात शिकला होता. पण तिथं भरलं वांगं नव्हतं. दोन भाकरी झाल्या, तिसरी आग्रहाची झाली, वर ताक झालं. खाली येऊन त्याने सही घेतली आणि सांगलीची यष्टी पकडली.

संध्याकाळी वारा सुटला. वादळ नव्हे. दोरीवरचं धोतर उडून शेजारच्याच्या दोरीवर जावं, इतपतच वारा. छत्रीने मान जराशी खाली घातली. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडं बघणाऱ्याने मान बोटभर हलवली, तरी नजर भलत्याच आकाशात जाते. पलूसची छत्री रात्रभर भलतीकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

या शाखेचे मॅनेजर बिराप्पा कोळेकर. जतच्या पलीकडच्या माळावरचं धनगराचं घर. वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर, त्यामुळं बिराप्पाची शाळा म्हणजे वाड्यावाड्यांवर जोडलेलं ठिगळ. तिसरी एका गावात, चौथी दुसऱ्यात, आणि पाचवीत मास्तरांनी 'गाव कुठलं रे?' विचारल्यावर पोराने 'आजचं का उद्याचं?' असं उलट विचारलेलं. तरी तो बी. कॉम. झाला, सांगलीच्या एका सहकारी बँकेत कारकून लागला आणि पन्नाशीच्या अलीकडे मॅनेजर झाला. अंगात सफारी, पण पायांत वहाणा. बूट घातले की त्यांना जमीन कळत नसे. खिडकीपुढं रांग वाढली की ते टेबलावरून उठून एक नजर टाकत आणि म्हणत, "बावीस हायती, एक मागं राह्यलंय." ते मागं राहिलेलं खरंच पायरीवर विडी ओढत बसलेलं असे.

छत्री पलूसला आणली ती बिराप्पांनीच. सांगलीत संचालक मंडळापुढं उभं राहून. संचालकांतले निम्मे द्राक्षवाले, निम्मे हळदीचे व्यापारी. त्यांना उपग्रह वगैरे सांगून उपयोग नव्हता. बिराप्पांनी कराराचा कागद वर धरला आणि म्हणाले, "कंपनी साडेनव्व्याण्णव टक्के चालू ठेवायची हमी देतीया. म्हंजे बगा, शंभर मेंढरं चारायला दिली, तर संध्याकाळी साडेनव्व्याण्णव परत. अर्धं मेंढरू इकडं-तिकडं झालं तर आपून बोलायचं न्हाई. त्याच्याहून जादा गेलं, तर कंपनी भरून देती. हितं लिवलंय."

चेअरमन म्हणाले, "भरून देती?"

"क्रेडिट देती. लिवलंय."

चेअरमननी ठरवलं: पलूस आधी. वर्षभर नीट चाललं आणि बिराप्पा म्हणतात तशी कंपनी बोलल्याप्रमाणे वागली, तर बाकीच्या दहा शाखांना छत्र्या, आणि बिराप्पा सांगलीला नव्या संगणक विभागाचे प्रमुख. माळावरच्या पोराला मुख्य कचेरीत खुर्ची. बिराप्पांच्या बायकोने, मुक्ताबाईंनी, सांगलीच्या विश्रामबागेत भाड्याच्या खोल्या बघायला सुरुवातसुद्धा केली होती.

बिराप्पांची चूक एकच. त्यांनी ते 'क्रेडिट' म्हणजे नुकसानभरपाई समजलं. आणि ते समजून स्वतःशी ठेवलं असतं तर बरं. त्यांनी ते सगळ्या पलूसला सांगितलं. खिडकीवरच्या प्रत्येकाला ते सांगत, "बिनघोर या. लाइन बंद पडली तर तुमचं काय नुकसान हुईल ते कंपनी भरंल. माझा शब्द हाय."

आठवडाभर आधी हा शब्द त्यांनी हरणाबाईंना दिला होता. हरणाबाईंचं खातं मिरज शाखेत. पलूसजवळच्या वाडीवर एक म्हैस ठरवलेली, दुसऱ्या वेताची, दुधाला गच्च. म्हैसवाल्याने बजावलं होतं, बाजारादिवशी दुपारी बारापर्यंत रोख, न्हाईतर दुसरं गिऱ्हाईक उभं हाय. हरणाबाई आदल्या दिवशी मिरजेला जाऊन पैसे आणणार होत्या. बिराप्पांनीच त्यांना अडवलं. "कशाला यष्टीचं भाडं घालता? हितं या, हितं मोजून देतो."

बाजारादिवशी सकाळी साडेनऊला शाखा उघडली. यंत्रावरचा हिरवा दिवा लागलाच नाही. बिराप्पांनी लगेच कंपनीला फोन लावून तक्रार नोंदवली, नंबर घेतला. राजरत्न मिरजेत दुसऱ्या कामावर होता. निरोप मिळायला, यष्टी मिळायला आणि ती तासगावात टायर बदलायला जो वेळ लागतो तो लागून, तो दुपारी पलूसला पोचला.

दारातच हरणाबाई उभ्या होत्या. "ह्योच का त्यो?"

"व्हय," बिराप्पा म्हणाले.

"बारा वाजून गेलं. म्हस गेली. माझ्या डोळ्यांदेखत दावं सोडून नेली. कसल्या त्या उपग्रहाला बांधून ठिवली हुती रं माझी म्हस?"

राजरत्न जिना चढला. छत्रीजवळ गेला आणि तो नट त्याला लांबूनच दिसला. नट त्याच्याकडं बघून हसतोय असं त्याला वाटलं. त्याने बोट लावलं, नट बोटाने फिरला. काल पान्याआधी वांगं आलं होतं.

मग छत्री परत नेमकी वळवायची कसरत. सिग्नल आला की नाही हे कंपनीच्या मुंबईजवळच्या मुख्य केंद्रातली माणसं फोनवर सांगणार. फोन खाली, छत्री वर. खाली रिसीव्हर कानाला लावून शाखेतली कारकून अक्षता, जिन्यात बिराप्पा, वर राजरत्न.

"ते म्हणतायत वर घ्या!" अक्षता.

"वर घे रं!" बिराप्पा.

"घेतली!"

"जास्त झालं म्हणतायत!"

"लय झालं म्हनं! मेंढरागत कान धरून वढू नगंस, हळू घे!"

साडेतीनला हिरवा दिवा लागला. राजरत्नने सगळे नट पान्याने आवळले, दोनदा, आणि एकेकावर अंगठा दाबून पाहिला. खाली बँकेत पाच-सहा माणसं उरली होती. बाकीची बँकेवर तोंडसुख घेत घरी गेली होती.

त्याने सांगलीला परतण्याआधी बँकेतूनच, दबक्या आवाजात, कंपनीच्या पुण्याच्या साहेबांना फोन लावला. अहवालात एक रकाना असतो: 'बंद पडण्याचं कारण'.

"साहेब, नट सैल राहिला होता."

पलीकडून साहेब गोड आवाजात म्हणाले, "कालच तू मेंटेनन्स केलास ना?"

"हो."

"मग नट सैल कसा असेल? वारा होता ना? वारा लिही. 'वादळी वारा'. नैसर्गिक कारण आलं की ते तास बंदमध्ये मोजत नाहीत. आणि हे बघ, तू अजून परमनंट नाहीस."

राजरत्नने 'वादळी वारा' लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. खोटं लिहिताना माणूस अक्षराची काळजी घेतो. ग्राहकाची सही हवी होती. बिराप्पांनी कागद वाचलाच नाही. "तू आलास, केलंस, झालं. दमला असशील. चहा घे," म्हणून सही ठोकली, आणि बशीत पार्लेची दोन बिस्किटंही आली. बिराप्पा स्वतःला मात्र चहा विसरले. राजरत्नने ते पाहिलं. तो बिस्किट हातात धरूनच बसला. अक्षता म्हणाली, "इंजिनिअर, बिस्किट मऊ पडलंय का?" तो म्हणाला, "न्हाई, चांगलंय," आणि चहाबरोबर घास खाली ढकलला.

मे महिन्यात कंपनीचा मासिक अहवाल आला. पलूस शाखा, एप्रिल: उपलब्धता शंभर टक्के.

बिराप्पांनी कंपनीच्या सांगलीच्या कचेरीत फोन लावला. राजरत्ननेच उचलला.

"राजरत्न, शंभर कसं रं? त्या दिवशी आमी समदी बसलो हुतो ती काय पिच्चर बघत?"

"साहेब, वारा... ते नैसर्गिक कारणात जातं. करारात आहे."

"मग क्रेडिट?"

"शंभर टक्के चालू म्हटल्यावर क्रेडिट नाही."

बिराप्पांच्या मागं पलूसची शाखा चालू होती. कुणीतरी पैसे मोजत होतं, पंखा घरघरत होता. बिराप्पा म्हणाले, "असू दे. वाऱ्याला काय म्हणायचं? वाऱ्याचा काय दोष? छत्री गच्चीवर बसवा म्हणून मीच अडून बसलो हुतो. सोमवारी मीटिंगला जायचंय, तिथं सांगतो तसं."

राजरत्नने फोन ठेवला. आता बिराप्पा संचालकांपुढं उभे राहून वाऱ्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेणार होते. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, असं लिहायची पद्धत आहे. खरं तर लागली. पण स्वप्नात भाकरी वाढणाऱ्या चंद्राबाई आल्या, आणि त्यांनी ताटात नट वाढला.

दुसऱ्या दिवशी तो कामाच्या नावाने पलूसला गेला. हातात नवा अहवाल होता: 'मेंटेनन्सच्या वेळी नट अपुरा आवळला गेल्यामुळे'. खाली स्वतःची सही. बिराप्पांच्या टेबलावर कागद ठेवून तो उभाच राहिला. बोलायला सुरुवात केली आणि नटावरून वांग्यावर, वांग्यावरून पुण्याच्या साहेबांवर, साहेबांवरून मेढ्याच्या आईवर गेला. आईचा यात काही संबंध नव्हता, पण अपराधी माणूस आईपर्यंत जातोच.

बिराप्पांनी ऐकून घेतलं. मग करार बाहेर काढला आणि चष्मा चढवला. "बस. हिशेब करू. आता तरी भरून मिळंल न्हवं?"

"मिळेल. मासिक अहवाल आल्यापासून पंधरा दिवसांत मागणी लेखी करायची असते. अजून मुदत आहे."

दोघं डोकं लावून बसले. आणि एकेका कलमाबरोबर बिराप्पांचा चेहरा लांब होत गेला.

"बंद कवापास्नं धरायचं? छत्री तर आदल्या संध्याकाळीच वाकली."

"तक्रार नोंदवल्यापासून. साडेनऊ ते साडेतीन. सहा तास."

"आन् रातभर बंद हुती ती?"

"कुणी तक्रार केली नाही, म्हणून ती चालूच होती."

"आयला!" बिराप्पा म्हणाले. "आन् सहा तास भागिले बँकेचे तास. आमचे दिवसाचे आठ—"

"नाही साहेब. चोवीस तासांनी. तीस दिवस. सातशे वीस तास."

"रातीची बँक उघडी असती व्हय रं?"

"कागदावर असते."

सातशे वीसातले सहा गेले. राजरत्नने गणित केलं. नव्व्याण्णव पूर्णांक सतरा. साडेनव्व्याण्णवाच्या खाली, पण नव्व्याण्णवाच्या वर. बिराप्पांनी बोट फिरवत तक्ता शोधला. नव्व्याण्णव ते साडेनव्व्याण्णव: त्या शाखेच्या महिन्याच्या भाड्याच्या दोन टक्के. त्याखाली पंच्याण्णवपर्यंत पाच टक्के. कितीही बंद राहो, दहा टक्क्यांच्या वर नाही.

"भाडं बारा हजार," बिराप्पा हळू म्हणाले. "दोन टक्के म्हंजे..."

दोघांनाही आकडा आला होता.

"दोनशे चाळीस," शेवटी अक्षता पलीकडच्या टेबलावरून म्हणाली. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे.

"रोख?"

"नाही. पुढच्या बिलातून वजा," राजरत्न म्हणाला. "आणि खालचं कलम..." त्याने वाचलं. ग्राहकाचं झालेलं अन्य कोणतंही नुकसान, बुडालेला धंदा, त्यातून उद्भवलेली हानी, यांस कंपनी जबाबदार नाही. वजावट हाच एकमेव उपाय. त्याने ते इतक्या हळू वाचलं, की बिराप्पांना दोनदा ऐकावं लागलं.

नोकरी पणाला लावून राजरत्नने जे सत्य आणलं होतं, त्याची किंमत दोनशे चाळीस रुपये निघाली. बिराप्पांना एकदम हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. "अगं अक्षता, म्हशीचं शेपूट तरी येतंय का गं दोनशे चाळीसात?" अक्षतालाही हसू आवरेना. राजरत्न मात्र हसला नाही. त्याला वाटलं, हे हसू उतरेल तेव्हा आपण इथं नसलेलं बरं.

हसू उतरलं. बिराप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मंडळाला मी काय सांगितलं हुतं? भरून देती म्हणून. वाचलं हुतं की मी. पर माणूस आपल्याला पायजे तेवढंच वाचतो."

त्यांनी मागणीचं पत्र तरीही लिहायला घेतलं.

"साहेब, एवढ्यासाठी?"

"दोनशे चाळीस का हुईना, शंभराचं नव्व्याण्णव तरी झालं पायजे. एका तिमाहीत तीनदा चुकली कंपनी, तर दंड न भरता करार मोडता येतो, त्ये पुढच्या पानावर हाय. ही पहिली खूण. ती वाऱ्यावर सोडली तर पुढच्या दोन कशाला मोजायच्या?"

सोमवारी बिराप्पा सांगलीला गेले. काय झालं ते राजरत्नला नंतर कळलं. त्यांनी मंडळापुढं उभं राहून, अजिबात मेंढरं न आणता, सांगितलं की आपण चुकीचं सांगितलं होतं. ते क्रेडिट म्हणजे भरपाई नव्हे, भाड्यात सूट आहे. बंद पडल्याचा दंड कंपनीपेक्षा गिऱ्हाईकच जास्त भरतं. पुढचा करार करताना बँकेच्या तासांवर टक्केवारी लावा, आणि तक्रारीपासून नव्हे, बंद पडल्यापासून मोजा. चेअरमन म्हणाले, सल्ला चांगला आहे. मग त्यांनी दहा छत्र्या पुढच्या वर्षावर ढकलल्या आणि संगणक विभागाची खुर्ची, सल्ला लिहून घेऊन, दुसऱ्याला दिली. मुक्ताबाईंनी विश्रामबागेच्या खोल्यांना नाही म्हणून कळवलं. बिराप्पा पलूसलाच राहिले.

नभजोडने क्रेडिट मान्य केलं. राजरत्नला परमनंट करायचं सहा महिने लांबवलं. काढलं नाही, कारण सांगलीत गच्चीवर चढायला दुसरं कुणी नव्हतं.

जुलैत तो पुन्हा पलूसला आला. सगळं आवळलं, पान्याने. शेजारच्या गच्चीवरून चंद्राबाई हाक मारीत होत्या. त्याने हात जोडले आणि जेवला नाही. खाली आला तर बिराप्पा सही करायला उभेच होते. ते वाडीवरून आले होते. गेले दोन महिने दर रविवारी हरणाबाईंना घेऊन ते बाजारोबाजारी म्हैस बघत फिरत होते. मेंढरातला माणूस, म्हशीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. हरणाबाई त्यांना वाटभर बोलत, "अवं सायेब, दात बगा म्हटलं तर तुमी लोकर बगताय." अखेर परवा मिळाली. पहिलीपेक्षा महाग. वरचे पैसे कुणी घातले, हे हरणाबाईंनी कुणाला सांगितलं नाही आणि बिराप्पांनीही नाही. पण अक्षताने राजरत्नला डोळ्याने बिराप्पांकडं खुणावलं.

राजरत्न बाकावर बसला. सही झालेला कागद हातात होता, निघायला हवं होतं, पण पाय निघेना. दोन महिने हा माणूस फोनवर त्याच्या आईची चौकशी करत होता, एकदाही एक वाकडा शब्द बोलला नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "तुमची खुर्ची गेली, शब्द गेला, वर हे... सगळं माझ्यामुळं. तुम्ही कधी एक शब्द बोलला नाही. पण मनात माझ्यावर राग तर नाही ना तुमचा?"

बिराप्पांनी पेनाला टोपण लावलं.

"हाय की."